सात महिने वापरलेला गूळ, घाण्याचं तेल आणि त्यांचं बदललेलं कॅप्शन

फेब्रुवारीपासून कोल्हापूरकडच्या एका छोट्या गुऱ्हाळवाल्याचा गूळ आणि शेंगदाणा तेल घेतेय, नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिल्यांदा घेतलं तेव्हा कॅप्शन होतं "१००% शुद्ध, केमिकल-फ्री, शुगरवाल्यांनाही चालतो". सासूबाईंना शुगर आहे, त्यांनी बिनधास्त दोन खडे जास्त खाल्ले आणि मग काय व्हायचं ते झालं. अहो गूळ म्हणजे बहुतेक साखरच की! मी तसं मेसेज करून कळवलं, तर उत्तर आलं की बदलतो.

आणि खरंच बदललं. एफएसएसएआयने २०२५ मध्ये १००% हा शब्द लेबलवर-जाहिरातीत वापरू नका असं सांगितलं, त्याचाही धाक असेल. आता लिहितात: "काहिलीत रस उकळताना भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकून मळी वर काढतो, चुना थोडासा वापरतो, हायड्रोस घालत नाही." मला चुन्याचं वाक्यच आवडलं. चुना घालून केमिकल-फ्री कसं म्हणणार? हायड्रोसने गूळ पिवळाधमक होतो, यांचा तपकिरी असतो आणि चहात टाकला की तळाशी किंचित गाळ राहतो, मी गाळून घेते.

तेलाचं कॅप्शनही आता कामाचं आहे, "लाकडी घाणा, साधारण अडीच किलो दाण्याचं एक लिटर". मी हिशेब केला, आमच्याकडे दाणे १३० रुपये किलो, म्हणजे सव्वातीनशे नुसत्या दाण्यांचेच झाले, पेंड विकून थोडे परत येत असतील पण २०० रुपयांत लिटरभर घाण्याचं तेल कुणी देत असेल तर मी तरी घेणार नाही. बाटलीवर १ लिटर / ९१० ग्रॅम असं दोन्ही लिहिलंय, आधी वाटलं फसवतायत पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून तसं. "कोलेस्टेरॉल-फ्री" काढून टाकलं ते बरं केलं, वनस्पती तेलात ते नसतंच मुळी, त्यात यांचं काय विशेष?

तक्रारी पण आहेत. गूळ ५०० ग्रॅम, १ किलो आणि ५ किलोची ढेप असा मिळतो. मी हौसेने जूनमध्ये ढेप घेतली, जुलैत डब्याच्या बाजूंना पाणी सुटलं आणि वरचा थर चिकट झाला, आंबूस वास यायला लागला तेव्हा वरचा अर्धा किलो टाकूनच दिला. पावसाळ्यात हवेतली ओल गूळ खेचतो, हे कॅप्शनमध्ये कुठेच नाही. ५ लिटरचा तेलाचा डबा उन्हाळ्यात घेतला होता, उघडून दोन महिने झाल्यावर शेवटच्या लिटरला जुन्या दाण्यासारखा खवट वास यायला लागला. तळाचा गाळ ढवळू नका, वरचं निथळून घ्या, आणि पुऱ्या तळताना फेस येतो त्याला घाबरू नका.

आता दर महिन्याला १ किलो गूळ आणि १ लिटर तेल, बास. किलोमागे थोडे जास्त जातात.