थोरल्या भावाने अख्खे घर विकले तेव्हा

नागपूरच्या महाल भागातील आमचे घर वडिलांच्या नावावर होते. ते मृत्युपत्र न करता वारले, पाठोपाठ आईही गेली, आणि आम्हा दोन भावांचा व ताईचा त्यात प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा झाला. घराच्या मालकीची सरकारी नोंद असलेल्या आखीव पत्रिकेवर तिघांची नावे चढवण्याचे काम मात्र आम्ही आळसाने लांबवले. मोठ्या भावाने एकमेव वारस असल्याचे खोटे प्रतिज्ञापत्र करून स्वतःचेच नाव लावून घेतले आणि संपूर्ण घराचे विक्रीपत्र 48 लाखांना नोंदवून दिले. कोणी अनोळखी माणूस घराची मोजणी करतो आहे, असा शेजारच्या काकूंचा फोन आला नसता, तर आम्हाला ताबा गेल्यावरच कळले असते.

मी प्रथम पोलिसांकडे गेलो आणि त्यात तीन आठवडे घालवले. विक्रीपत्रावर भावाची स्वतःचीच सही असल्यामुळे ते बनावट दस्त ठरत नाही, असे आमच्या वकिलांनी समजावले. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हेच म्हटले आहे, शिवाय अशा विक्रीत मुख्यतः फसतो तो खरेदीदार. खोट्या प्रतिज्ञापत्राची तक्रार वेगळी करता येते, पण तिने घर परत मिळत नाही.

खरा उपाय दिवाणी न्यायालयात होता. भावाने विकले ते कायद्याने त्याच्या एक तृतीयांशापुरतेच टिकते. म्हणून आम्ही सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, आणि विक्रीपत्राची प्रमाणित प्रत काढून वाटणीचा दावा लावला आणि हे विक्रीपत्र आमच्या दोन तृतीयांश हिश्श्यावर बंधनकारक नाही, असे जाहीर करण्याची मागणी केली. त्या दस्तावर आमची सही नसल्याने तो रद्द करून मागण्याची गरज नव्हती. अशा घोषणेसाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत धरली जाते, त्यामुळे विक्री कळल्याची तारीख आम्ही दाव्यात स्पष्ट लिहिली.

दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज दिला, कारण खरेदीदार पुढे आणखी कोणाला विकता तर गुंता वाढत गेला असता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्याला वाटणीआधी संयुक्त ताबा मागता येत नाही. ताई तिथेच राहत असल्यामुळे हा मुद्दा आमच्या फार कामी आला. नगर भूमापन कार्यालयात खरेदीदाराचे नाव लावण्याच्या फेरफारावर लेखी हरकतही घेतली.

याच सुमारास भावाने माझ्या खात्यावर ‘तुझा वाटा’ म्हणून पाच लाख पाठवले. मला क्षणभर बरे वाटले, हे कबूल करतो. ते ठेवले असते, तर मी विक्रीला संमती दिली असा बचाव त्याला मिळाला असता. दुसऱ्याच दिवशी ती रक्कम परत केली आणि विक्री मान्य नसल्याची नोटीस वकिलांमार्फत पाठवली.

न्यायालयाने मनाई हुकूम दिला आहे, दावा चालू आहे. त्या परक्याने स्वतःच्या हिश्श्याची वाटणी मागितली, तर 1893 च्या वाटणी अधिनियमाच्या कलम 4 खाली न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा आम्हीच विकत घेणार आहोत; त्यासाठी ताईने तिची मुदत ठेव आतापासूनच मोकळी करून ठेवली आहे.