काडी कोरडी दाखवली आणि एक लिटर ऑईल माझ्या गळ्यात मारलं

मागच्या महिन्यात आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला चाललो होतो, मामेभावाकडे बारसं होतं. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, सर्व्हिसिंग होऊन जेमतेम दोन महिने झालेले. खंबाटकी चढून पुढे आलो, एसी फुल, गाडीत चौघं आणि डिकीत सामान, म्हणजे इंजिन चांगलं तापलेलं. हायवेवर एका पंपावर पेट्रोलला थांबलो. कुठला पंप ते लिहीत नाही, हा प्रकार एकाच ठिकाणी होतो असंही नाही.

पेट्रोल भरून झालं, बिल दिलं, गाडी सुरू केली, तेवढ्यात कंपनीच्या टीशर्टसारखा टीशर्ट घातलेला एक पोरगा आला, "दादा बॉनेट उघडा, कूलंट ऑईल चेक करून देतो, फ्री आहे." आता फ्री म्हटल्यावर कोण नाही म्हणतं. मी चावी बंद करून बॉनेटचा खटका ओढला आणि उतरून उभा राहिलो. त्याने कूलंटच्या बाटलीकडे बघितल्यासारखं केलं, वायपरचं पाणी भरलं (हे खरंच भरलं, विश्वास बसावा म्हणून असेल), मग ऑईलची डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची काडी, बाहेर काढली, खिशातल्या फडक्याने पुसली, परत घातली, काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला कसाबसा एक थेंब. "दादा, ऑईल संपलंय. असंच कोल्हापूरपर्यंत गेलात तर इंजिन सीझ होईल."

सीझ हा शब्द ऐकला की आपलं डोकं चालायचं बंद होतं. मी स्वतः दोन महिन्यांपूर्वी नवं ऑईल टाकून घेतलंय, गाडीखाली कधी थेंब दिसलेला नाही, धूर नाही, मग एवढं ऑईल गेलं कुठे, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. पडला नाही. मागून आईचा आवाज, "अरे टाकून घे बाबा, रस्त्यात कुठे बंद पडली म्हणजे." एक लिटरचा डबा, ७२० रुपये. पूर्ण ओतला त्याने माझ्यासमोर. नंतर काडी परत दाखवलीच नाही, झाकण लावलं, बॉनेट आपटलं, पुढच्या गाडीकडे गेला.

कोल्हापूरला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर मागून निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास. भाऊ त्याच्या ओळखीच्या फोरमनकडे घेऊन गेला. त्याने इंजिन बंद करायला लावलं, चहा मागवला, चहा पिऊन होईपर्यंत काडीला हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं टाईमपास करतोय. मग काडी काढली, पुसली, घातली, काढली, बघितली आणि म्हणाला, "काय पावणं, कुणी ओतलंय हे एवढं?" वरच्या खुणेच्या वर बोटभर तेल.

मग त्याने जे दाखवलं ते मी गाडी घेतल्यापासून आठ वर्षांत एकदाही नीट बघितलं नव्हतं.

काडीच्या टोकाला दोन खुणा असतात. कुठे MIN आणि MAX लिहिलेलं असतं, कुठे L आणि F, कुठे नुसती दोन भोकं किंवा दोन खाचा, मधे जाळीसारखे कापे. खालची म्हणजे "ऑईल संपलं" नाही, "आता घाल" एवढंच. माझ्या गाडीत एकूण साधारण तीन लिटर ऑईल बसतं आणि खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटरचा फरक (बऱ्याच गाड्यांत एवढाच असतो, पण आपापलं मॅन्युअल बघा). म्हणजे काडीवर MIN ला टेकलेलं असलं तरी चेंबरमधे, हेडमधे, फिल्टरमधे मिळून दोन लिटर शिल्लक असतंच. दोन खुणांच्या मधे कुठेही असलं तर चांगलं, MAX पर्यंत भरायलाच हवं असं काही नाही. आणि एक, डॅशबोर्डवरचा तो लाल ऑईलच्या किटलीचा दिवा लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो, तो चालताना पेटला तर ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद, पण दिवा पेटला नाही म्हणून लेव्हल बरोबर असा अर्थ होत नाही.

आता माझा हिशोब लावा. सर्व्हिसिंगनंतर माझी लेव्हल पाऊण खुणेच्या आसपास असणार, म्हणजे वरच्या खुणेला पाव लिटर कमी. त्यात एक लिटर ओतलं. पाऊण लिटर जास्त. फोरमनने खालचा ड्रेन बोल्ट थोडा सैल करून हळूहळू काढलं, एका पाण्याच्या लिटरच्या बाटलीत जमा केलं, बाटली वरून चार बोटं रिकामी राहिली. हिशोब जुळला.

जास्त तेल असलं तर बिघडतं काय? क्रँकशाफ्टची वजनं चेंबरमधे जोरात फिरत असतात, तेल त्यांना लागायला लागलं की ताक घुसळल्यासारखा फेस होतो, फेसाळ तेलाला प्रेशर धरत नाही, बेअरिंगला वंगण कमी पडतं. शिवाय जास्तीचं तेल ब्रीदरच्या पाईपातून इनटेकमधे ओढलं जातं आणि जळतं, तोच माझा निळा धूर. किती जास्त झालं की क्रँकला लागेल हे गाडीगणिक वेगळं, शंभर मिली वर गेलं म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, पण पाऊण लिटर म्हणजे काढायलाच हवं. आणि त्या डब्यावर वीस डब्ल्यू चाळीस होतं, माझ्या मॅन्युअलमधे त्यापेक्षा बरंच पातळ ऑईल सांगितलंय. फोरमन म्हणाला एकदम काही होत नाही, पण सर्व्हिसिंग लवकर करून घ्या.

बरं, मग काडी कोरडी कशी दिसली? हे मी घरी आल्यावर, सर्व्हिसिंग उरकून, स्वतः करून बघितलं, कारण डोक्यातून जाईना. दोन खोड्या होत्या.

पहिली, इंजिन बंद केल्याकेल्या काडी काढायची. इंजिन चालू असताना पंप तेल वर हेडमधे, कॅमशाफ्टपर्यंत ढकलत असतो, ते बंद केल्यावर पाझरत पाझरत खाली चेंबरमधे यायला वेळ लागतो. मी सिंहगड रोडला तासभर गाडी फिरवून आलो, सोसायटीच्या पार्किंगमधे सपाट जागी लावली, बंद केली आणि लगेच काडी काढली: खालच्या खुणेच्या जरा वर. पुसून पाच मिनिटांनी: मध्याच्या वर. दहा मिनिटांनी: पाऊण. सकाळी उठून थंड इंजिनवर: पाऊण, तसूभर खाली. तसूभर खाली का, तर गरम तेल फुगतं. साधारण साठ-सत्तर डिग्रीच्या फरकाला तीन लिटरमागे सव्वाशे-दीडशे मिली एवढं फुगतं, म्हणजे थंडपणी वरच्या खुणेला टेकवून भरलं तर तापल्यावर वर दिसणार. म्हणून काही कंपन्या गरम इंजिनवर काही मिनिटं थांबून बघा सांगतात, काही थंड इंजिनवर. आपल्या मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच धरा आणि दरवेळी तसंच बघा, एकदा गरम आणि एकदा थंड बघून तुलना केली तर ऑईल कमी झालं की नाही काहीच कळणार नाही. मी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी बघतो, माझ्या मॅन्युअलला ते चालतं.

दुसरी खोडी जास्त वाईट: काडी ठेपेपर्यंत आत ढकलायचीच नाही. वरच्या रिंगखालचा कॉलर नळीवर घट्ट बसायला हवा, तो पोरगा बोटभर वर धरून ठेवत होता आणि मला हाताआड दिसलं नाही. दोन खुणांमधलं अंतर असतंच केवढं, माझ्या काडीवर मोजलं तर दोन सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे एक सेंटीमीटर वर राहिली तरी अर्धं लिटर गायब दिसतं! दोन्ही खोड्या एकत्र केल्या की काडी कोरडी. मी घरी करून बघितलं, टोकाला थेंब तेवढा राहिला, अगदी पंपावर दिसला तसाच.

आणखी एक बारीक गोष्ट, पहिल्यांदा काढलेली काडी बघूच नये, नळीतलं तेल घासून ती वरपर्यंत ओली येते. पुसायची, पूर्ण आत, मग काढून आडवी धरायची. दोन्ही बाजू बघायच्या, एकीकडे वर ओघळ दिसला आणि दुसरीकडे खाली, तर खालची खरी. गाडी सपाट जागी हवी, उतारावर उभी असेल तर काडी कुठेही काहीही दाखवते, आणि पंपावरचा तो भागही उतरताच होता हे नंतर आठवलं.

खरंच MIN च्या खाली असेल तर एकदम लिटर ओतू नका. पाव लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, बघा, परत पाव लिटर. पंपावर कोणी आग्रह केला तर काडी स्वतःच्या हाताने घाला, किंवा सरळ सांगा की दहा मिनिटं थांबून बघू. तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो.

फोरमनने १५० रुपये घेतले. बाटलीतलं ऑईल परत देऊ का म्हणाला, मी नको म्हटलं. त्याने ते गॅरेजच्या शटरला लावायला ठेवून घेतलं, म्हणाला, "तुमच्या ७२० रुपयात आमचं शटर दोन वर्षं वाजणार नाही."