भारित सरासरी की फिफो? दोन्ही एकाच स्टॉक शीटमध्ये चालवल्यानंतरचा अनुभव

स्टॉकची किंमत लावताना सरासरी सोपी आणि फिफो किचकट, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. हातानं वही लिहायची असेल तर ते खरंही आहे. पण कित्येक महिने एकाच शीटमध्ये दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवल्यावर माझं मत उलटं झालंय. शीटमध्ये सरासरी फार नाजूक असते. फिफो मात्र, निदान महिनाअखेरच्या शिलकीपुरता, बऱ्यापैकी धक्के पचवतो. का ते सांगतो, पण आधी आकडे.

एका वस्तूचं उदाहरण घेऊ. सुरुवातीची शिल्लक 100 नग, दर 50. मग 200 नग आले, दर 56. त्यातून 180 नग गेले. पुढे 80 नग आले, दर 64. शेवटी 150 नग गेले. हातात राहिले 50.

सरासरीनं बघू. पहिल्या आवकेनंतर 300 नगांची किंमत 16,200, म्हणजे दर 54. 180 नग 54 नं गेले, 120 उरले, त्यांची किंमत 6,480. त्यात 80 नगांचे 5,120 मिळवले की 200 नग, 11,600, दर 58. 150 नग 58 नं गेले आणि 50 नग राहिले 2,900 चे.

फिफोत जुना माल आधी जातो असं धरतात. पहिल्या 180 मध्ये 50 चे शंभर आणि 56 चे ऐंशी. पुढच्या 150 मध्ये 56 चे उरलेले 120 आणि 64 चे तीस. हातातले 50 नग सगळे 64 चे, म्हणून शिल्लक 3,200.

फरक 300. दर चढे आहेत म्हणून फिफोची शिल्लक जास्त आणि खर्ची पडलेला माल तेवढाच कमी; दर उतरते असते तर उलट झालं असतं. सुरुवातीची शिल्लक धरून एकूण खरेदी दोन्हीकडे 21,320 च. नफ्याच्या दृष्टीनं कुठली पद्धत बरी, यावर लोक तावातावानं भांडतात. मला त्यात फारसा दम वाटत नाही, कारण या वर्षीची जास्तीची शिल्लक पुढच्या वर्षाची जास्तीची सुरुवात होते. आंतरराष्ट्रीय हिशेब मानक आयएएस 2 ला दोन्ही चालतात. चालत नाही ते लिफो, म्हणजे नवा माल आधी गेला असं धरणं. एकाच प्रकारच्या आणि एकाच उपयोगाच्या मालाला मात्र एकच पद्धत लावावी लागते, निम्म्याला ही आणि निम्म्याला ती असं जमत नाही.

आता शीट. एका वस्तूला एक टॅब. A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये आवक नग, D मध्ये आवक दर, E मध्ये जावक नग. सुरुवातीची शिल्लकही दुसऱ्या ओळीत आवक म्हणूनच टाकायची. सरासरीसाठी F मध्ये शिल्लक नग आणि G मध्ये शिल्लक किंमत. दुसऱ्या ओळीत ते थेट भरायचे आणि तिसरीपासून हे खाली ओढायचं:

```
F3: =F2+N(C3)-N(E3)
G3: =G2+N(C3)*N(D3)-N(E3)*IF(F2>0,G2/F2,0)
```

दर स्वतंत्र रकान्यात दाखवायला हरकत नाही, पण हिशेबात दर धरायचा नाही, किंमत धरायची. दर दोन दशांशांत गोल करून वापरला की नग शून्य होतात आणि किमतीत काही पैसे अडकून राहतात. 100 ला आलेले तीन नग 33.33 नं गेले की 0.01 मागे उरतो, आणि पुढची आवक तो गुपचूप पोटात घेते. रक्कम क्षुल्लक, पण शून्य नगांसमोर किंमत दिसली की तपासणारा थांबतोच.

फिफोचं सूत्र मी H मध्ये ठेवलंय. प्रत्येक आवकेतला किती माल अजून शिल्लक आहे, एवढंच ते सांगतं:

```
H2: =MAX(0,MIN(N(C2),SUM(C$2:C2)-SUM(E$2:E$500)))
शिल्लक किंमत: =SUMPRODUCT(H2:H500,D2:D500)
```

वाचायला ते वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. या ओळीपर्यंत एकूण किती माल आला, त्यातून आजवर गेलेला सगळा माल वजा करा. उत्तर ऋण आलं तर हा लॉट संपला. लॉटपेक्षा मोठं आलं तर लॉट अख्खा शिल्लक. मधलं आलं तर तेवढे नग उरलेत. आपल्या उदाहरणात एकूण जावक 330. पहिल्या लॉटला 100 वजा 330, संपला. दुसऱ्याला 300 वजा 330, संपला. तिसऱ्याला 380 वजा 330, म्हणजे 50. गुणिले 64, 3,200. बरेच जण फिफोसाठी मॅक्रो लिहितात किंवा लॉटांचे वेगळे तक्ते मांडतात. नुसती शिल्लक हवी असेल तर त्याची गरज नाही.

त्यातला N( ) काढून टाकू नका. MIN ला रिकामी सेल दाखवली की ती तिला शून्य मानत नाही, सरळ वगळते. त्यामुळे शेवटच्या जावकेच्या ओळीत, जिथे C रिकामी असते, तिथेही 50 उमटतात आणि H ची बेरीज 100 होते. गंमत अशी की त्या ओळीत दरही नसतो, त्यामुळे किंमत बरोबरच येते आणि ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या डोळ्यावर येत नाही. म्हणून H ची बेरीज आणि F मधली शेवटची शिल्लक जुळते का, हे बघणारी एक सेल वरच ठेवलेली बरी.

आता मुद्द्यावर. माल देणारा माणूस चिठ्ठ्या तिथल्या तिथे भरतो आणि खरेदीचं बिल संध्याकाळी हातात पडतं, असं सगळीकडेच चालतं. समजा 80 नगांची आवक आणि 150 नगांची जावक एकाच तारखेची आहे, आणि शीटमध्ये जावकेची ओळ वर आली. फिफोचं उत्तर तेच राहतं, 3,200, कारण त्याला एकूण जावक आणि आवकेचा क्रम एवढंच लागतं. सरासरीचं बघा. 120 नगांतून 150 गेले, दर 54, म्हणजे 8,100 वजा. शिल्लक उणे 30 नग, किंमत उणे 1,620. मग 80 नग 5,120 चे आले. शिल्लक 50 नग, किंमत 3,500, दर 70.

हिशेब तपासणाऱ्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, “अहो, 64 च्या वर एकही खरेदी नाही, मग सरासरी 70 कुठून आली?” प्रश्न बिनतोड होता. सरासरी दर नेहमी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग खरेदीच्या मधेच असायला हवा. तो बाहेर गेला की कुठेतरी शिल्लक उणे झालीये, असं समजून F रकाना खालून वर चाळायचा. उणे आकडा असलेली सेल लाल होईल अशी सोय केली की हे काम मिनिटाचं. आणि एकाच तारखेत आवक आधी, जावक नंतर, अशी क्रमवारी लावण्याचा नियम ठेवायचा.

फिफो इथे सुटतो खरा, पण तो साळसूद आहे असं समजू नका. आवकेपेक्षा जावक खरोखरच जास्त भरली गेली, म्हणजे एखादं बिल चढवायचंच राहिलं, तर सरासरी आरडाओरडा करते; फिफोचं सूत्र MAX(0) मुळे शून्य दाखवून गप्प बसतं. वर सांगितलेली जुळणीची सेल तिथेही उपयोगी पडते.

दुसरी वारंवार येणारी गोष्ट म्हणजे उशिरा आलेलं भाडं. 200 नगांच्या लॉटवर 600 वाहतूक खर्च लागला आणि ते बिल सगळा माल गेल्यावर आलं. खरा दर 56 नाही, 59. तो D मध्ये दुरुस्त केला की फिफोची शिल्लक जागची हलत नाही, कारण त्या लॉटमधलं काही उरलेलंच नाही. 600 चे 600 खर्चात जातात. सरासरीत मात्र तिथून खालच्या सगळ्या ओळी बदलतात. पहिली जावक 54 ऐवजी 56 नं, दुसरी 58 ऐवजी 59.20 नं, आणि शिल्लक 2,960. म्हणजे 600 पैकी 60 अजून गोदामातच आहेत. सरासरी जुना दर कधीच पूर्ण सोडत नाही. तो थोडाथोडा पातळ होत जातो. त्यामुळे मागचा महिना बंद करून आकडे कळवले असतील तर जुन्या ओळीला हात लावणं धोक्याचं. मी आता महिना संपला की शेवटची शिल्लक नुसते आकडे म्हणून नव्या टॅबमध्ये चिकटवतो. तिथे सरासरीसाठी एक ओळ पुरते. फिफोसाठी उरलेल्या प्रत्येक लॉटची ओळ त्याच्या दरासह न्यावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, आणि फिफोविरुद्धची माझी मुख्य तक्रार हीच.

परत आलेला माल दोन्हीकडे नीट सांभाळावा लागतो. गिऱ्हाइकाकडून परत आलेले नग आवकेत टाकायचे नाहीत, E मध्ये उणे करून टाकायचे. फिफोत एकूण जावक कमी होते आणि शेवटी गेलेला लॉट आपोआप पुन्हा भरतो. सरासरीत हे नग त्या क्षणीच्या सरासरीनं परत येतात. ते ज्या दरानं गेले त्याच दरानं हवे असतील तर त्या ओळीचं सूत्र हातानं बदलावं लागतं. विक्रीच्या दरानं आवक दाखवली तर नफाच शिलकीत घुसतो. विकणाऱ्याला परत केलेला माल मात्र मूळ लॉटच्या ओळीतूनच कमी करायचा.

फिफोचं हे सूत्र प्रत्येक जावकेची वेगळी किंमत देत नाही. महिन्याचा एकूण खर्च मिळतो: सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा शेवटची शिल्लक. प्रत्येक कामावर किती माल पडला हे हवं असेल तर सरासरी तो आकडा ओळीओळीला देते. शिवाय एका टॅबमध्ये अनेक वस्तू घेऊन SUM च्या जागी SUMIFS लावलं आणि ओळी काही हजारांवर गेल्या, तर वाढत जाणाऱ्या रेंजमुळे शीट चांगलीच रेंगाळते.

सध्या माझ्याकडे जी वस्तू कामावार खर्ची पडते तिला सरासरी आहे, आणि जी नुसती येते-जाते, जिचा लॉट ओळखता येतो, तिला फिफो. दुसऱ्या पद्धतीचा रकानाही काढलेला नाही. दोन्हींमधला फरक एखाद्या महिन्यात अचानक वाढला आणि खरेदीचे दर तर फारसे हललेले नाहीत, असं दिसलं की आधी नोंदी तपासायला घेतो.