सीसीटीव्हीची 'नाइट किट' विकणाऱ्यांपासून सावध राहा

नाशिकला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनी कॅमेऱ्यांवर खापर फोडलं. रात्रीचं चित्र खरंच वाईट होतं. नुसते ठिपके वळवळायचे, माणूस आहे की खांब तेही कळायचं नाही. कोणाच्या तरी ओळखीने एक कॉन्ट्रॅक्टर आला. त्याचं निदान असं की कॅमेऱ्यांचे सेन्सर 'थकलेत', प्रत्येकात नवीन नाइट किट टाकावी लागेल. एका कॅमेऱ्याचे साडेचार हजार, सहा कॅमेऱ्यांचे सत्तावीस. मी खजिनदार, त्यामुळे बिल माझ्या हातून गेलं आणि त्याच्या सगळ्या कागदांच्या प्रती माझ्याकडे आहेत.

शिडी लावून तो प्रत्येक कॅमेऱ्याशी बराच वेळ खुडबुड करत होता. मग रेकॉर्डरसमोर बसला. अंधार पडल्यावर कमिटीला बोलावून स्क्रीन दाखवला. चित्र बघून सगळे खूश झाले. ठिपके गायब, फरशी गुळगुळीत, गाड्या स्वच्छ. वॉचमनला खांबाजवळ उभं केलं होतं, त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसत होती. वॉचमन बिचारा मान वळवायला लागला तर कॉन्ट्रॅक्टर फोनवरून म्हणाला, "हलू नको रे, दोन मिनिटं थांब." वर म्हणाला, "ताई, आता रेकॉर्डिंगपण जास्त दिवस राहील." सगळी फसवणूक या दोन वाक्यांतच होती.

पुढच्या चोरीचं फुटेज काढलं तर पार्किंगमधून एक धुराचा लोळ सरकत जाताना दिसला. माणसाच्या पोटातून मागच्या गाडीची नंबरप्लेट आरपार दिसत होती, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरट फराटा. गाड्या मात्र अगदी स्वच्छ. पोलिसांना हे काय दाखवणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे जावई याच कामात आहेत. त्यांनी कॅमेऱ्याचा मेन्यू उघडला. 3D DNR शंभरवर ओढलेलं होतं आणि Exposure Time, म्हणजे शटर उघडं राहायचा वेळ, 1/6 सेकंदावर.

डीएनआर म्हणजे ठिपके पुसायची सोय. अंधारात सेन्सरला पुरेसा प्रकाश मिळत नाही म्हणून कॅमेरा आलेला सिग्नल वाढवतो, आणि त्याबरोबर कचराही वाढतो. थ्रीडी प्रकारात एकामागून एक आलेल्या चित्रांची सरासरी काढतात. ठिपका दर चित्रात जागा बदलतो म्हणून तो पुसला जातो. गाडी जागची हलत नाही म्हणून ती उठून दिसते. पण चालणारा माणूससुद्धा दर चित्रात जागा बदलतो, त्यामुळे सेटिंग शेवटाला नेलं की ठिपक्यांबरोबर तोही पुसला जातो. शटरचं गणित आणखी सोपं आहे. सावकाश चालणारा माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर जातो. 1/6 सेकंद शटर उघडं राहिलं तर तेवढ्यात तो 20 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीपेक्षा जास्त. 1/25 ला पाच सेंटिमीटर, 1/100 ला जेमतेम सव्वा. म्हणून वॉचमनला हलू द्यायचं नव्हतं. आणि पुसलेलं, निपचित चित्र कमी जागेत साठतं, म्हणून रेकॉर्डिंगचे दिवस वाढले. यात किटचा काही संबंध नव्हता.

किट बसवलीच नाही हे सिद्ध कसं करायचं? आमचे कॅमेरे आयपी, म्हणजे नेटवर्कने रेकॉर्डरला जोडलेले आहेत. रेकॉर्डरच्या Log मध्ये त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. कॅमेरा उघडून आत काही बदलायचं तर वीज तोडावी लागते, आणि वीज तुटली की कॅमेरा जोडणीतून गेल्याची नोंद पडते. दिवसभरात अशी एकही नोंद नव्हती. होत्या त्या फक्त संध्याकाळी सेटिंग बदलल्याच्या, सहाही कॅमेऱ्यांच्या, ओळीने. शिडीवर तो फक्त काचा पुसत होता!

खरा दोष काय होता तेही जावईबापूंनीच शोधलं. गेटच्या कॅमेऱ्यात दिवसा झाडं जांभळट दिसायची आणि वॉचमनची काळी पँट मरून. कॉन्ट्रॅक्टरने त्याला 'कलर सेटिंग' म्हणून उडवून लावलं होतं. सेन्सरच्या पुढे एक छोटी काच असते, ती दिवसा इन्फ्रारेड अडवते म्हणून रंग खरे दिसतात. रात्री ती बाजूला सरकते आणि चित्र काळंपांढरं होतं. आमच्या गेटच्या कॅमेऱ्यात ती बाजूलाच अडकली होती. मागच्या जिन्याच्या कॅमेऱ्यात उलटं, ती पुढेच अडकून बसलेली. त्यामुळे कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी जळत असूनही त्यांचा प्रकाश आत पोचतच नव्हता, आणि रात्रभर काळोख. हे तपासायला पैसे लागत नाहीत. मेन्यूत Day/Night हे Auto वरून Day आणि मग Night करायचं आणि कोणाला तरी कॅमेऱ्याजवळ कान देऊन उभं करायचं. बारीक 'टिक' आवाज आला पाहिजे आणि चित्र बदललं पाहिजे. ते दोन कॅमेरे खरोखर बदलावे लागले.

बाकी चार कॅमेरे चांगले होते, फक्त प्रकाश चुकीच्या जागी पडत होता. पार्किंगचा कॅमेरा स्लॅबखाली पांढऱ्या खांबाला चिकटून बसवलेला. त्याच्या स्वतःच्या एलईडीचा प्रकाश खांबावर आपटून परत यायचा, कॅमेऱ्याला वाटायचं भरपूर उजेड आहे, तो चित्र मंद करायचा आणि लांबच्या गाड्या काळ्या पडायच्या. त्यात काचेवर कोळ्याचं जाळं, तेही त्याच प्रकाशात दुधासारखं चमकायचं. उपाय म्हणून कॅमेऱ्याचे एलईडी बंद केले आणि 850 नॅनोमीटरचा वेगळा आयआर म्हणजे इन्फ्रारेड दिवा दीड मीटर बाजूला, गाड्यांच्या रांगेकडे तोंड करून लावला. अंधारात त्याचा बारीक लालसर ठिपका दिसतो. 940 चा दिवा दिसत नाही, पण सेन्सर त्याला कमी दाद देतो म्हणून पल्ला बराच घटतो, आणि आम्हाला लपवाछपवी करायची नव्हती. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणून खोक्यावरच्या '30 मीटर'वर फार विसंबू नका.

प्रकाश पुरेसा झाल्यावर शटर 1/50, डीएनआर तीसच्या आसपास, आणि सिग्नल वाढवायची मर्यादा निम्म्यावर आणली. थोडे ठिपके परत आले. ठिपके साठवायला जागा लागते म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायची माहिती, वाढवावा लागला आणि रेकॉर्डिंगचे दिवस कमी झाले. पण आता पार्किंगमधून जाणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखता येतो. गाड्यांचे नंबर मात्र अजूनही नीट येत नाहीत. प्लेट आयआरमध्ये पांढरीफटक होते. त्यासाठी गेटवर अरुंद लेन्सचा, 1/500 च्या आसपास शटरचा वेगळा कॅमेरा लागतो, तो यंदाच्या बजेटमध्ये नाही.

कोणी रात्रीचं चित्र सुधारून देतो म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी कॅमेऱ्यासमोरून एकाला नेहमीच्या चालीने आडवं चालायला लावा आणि लाइव्ह नव्हे, रेकॉर्डिंग थांबवून थांबवून बघा. बिलावर बदललेल्या भागाचं नाव आणि सिरियल नंबर मागा आणि जुना भाग ताब्यात घ्या. आमच्याकडच्या बिलावर नुसतं 'नाइट किट, 6 नग' एवढंच होतं.

लॉगची प्रिंट समोर ठेवल्यावर कॉन्ट्रॅक्टर आधी "सॉफ्टवेअर किट होती" म्हणाला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवल्यावर त्याने पंधरा हजार परत केले. उरलेल्या बारा हजारांसाठी नोटीस पाठवली आहे.