मँचेस्टरची पार्टी, ७५ हजाराची दोन पेमेंटं आणि मी भरलेले ५५ हजार

आमचं गुहागरजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, समोर खळं, मागे माडांची वाडी. मी काही बिझनेसमन वगैरे नाही, मुलाने आग्रह केला म्हणून पेमेंट गेटवे घेतला, गेस्टला लिंक पाठवायची की तो कार्डाने भरतो, इतकंच मला माहीत. म्हणून आधी काय झालं ते सांगतो आणि मग का झालं ते सांगतो, कारण हे "का" कळायला मला ६१ हजार रुपये लागले, तुम्हाला फुकट मिळतंय.

नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मँचेस्टरहून एक गृहस्थ, आठ जणांची फॅमिली, बायको मूळची इकडची म्हणे, २२ डिसेंबर ते ३१ डिसेंबर चारही खोल्या हव्यात. इंग्रजी व्यवस्थित, मुलांना समुद्र सेफ आहे का, जेवण फार तिखट असतं का, असे सगळे खरे वाटणारे प्रश्न. नऊ रात्री, चार खोल्या, २,५०० प्रमाणे ९० हजार झाले. घासाघीस अजिबात नाही. खरं तर इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, नाताळच्या आठवड्याला घासाघीस न करणारा गेस्ट मी आयुष्यात पाहिलेला नाही.

मग म्हणाला मुंबई विमानतळावरून आणायला एक गाडीवाला ठरवलाय पण तो कार्ड घेत नाही, तर तुम्ही माझ्या कार्डावर एकदम दीड लाख लावा, त्यातले ५५ हजार त्या गाडीवाल्याला पाठवा आणि ५ हजार तुमच्या त्रासाचे ठेवा. मी लिंक पाठवली. पहिले तीन प्रयत्न फेल गेले, तो म्हणाला माझी बँक मोठी रक्कम अडवते, ७५-७५ हजाराच्या दोन लिंक पाठवा. दोन्ही पास झाल्या. दोन वेगळ्या कार्डांवरून. मी ते बघितलं सुद्धा नाही, हिरवी टिक बघितली आणि खूष. चार दिवसांनी बँकेत १,४४,६९० जमा झाले (३ टक्के चार्ज म्हणजे ४,५०० आणि त्यावर जीएसटी ८१०) आणि त्याच संध्याकाळी मी गाडीवाल्याच्या अकाउंटला ५५ हजार आयएमपीएस केले. पैसे हातात आल्यावरच पाठवले ना, मग रिस्क कसली, असं बायकोला वर सांगितलं.

२२ तारखेला कोणी आलं नाही. फोन बंद. मला वाटलं फ्लाइट चुकली असेल, खोल्या तीन दिवस तशाच ठेवल्या, दारातून दोन पार्ट्या परत पाठवल्या. आणि मनात एक चोरटा विचार पण होताच, की आले नाहीत तरी पैसे तर आपल्याकडे आहेत.

जानेवारीत पुण्याच्या एका गेस्टचे ८ हजार खात्यात आलेच नाहीत. गेटवे उघडून बघतो तर बॅलन्स मायनसमध्ये, एक ७५ हजाराचं पेमेंट लाल, कार्डहोल्डरने फ्रॉड म्हणून तक्रार केली आहे, उत्तराला दोन दिवस बाकी. मेल येऊन पडला होता पण तो मुलाच्या जुन्या आयडीवर. अकरा दिवसांनी दुसऱ्या ७५ हजाराचं पण तेच.

मी आधी गेटवेवाल्यांशी भांडलो, मग कार्डावर ज्या कंपनीचं नाव असतं त्या नेटवर्कला मेल टाकला, मग माझ्या गावच्या बँकेच्या मॅनेजरला जाऊन धरलं. सगळे हात वर करत होते आणि मला वाटत होतं सगळे मिळालेले आहेत. शेवटी भाचा आला, तो पुण्यात एका बँकेच्या कार्ड डिपार्टमेंटला आहे. पडवीत बसून त्याने जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चार चौकोन काढले.

म्हणाला, "मामा, हा एका कोपऱ्यात कार्डवाला माणूस, हा दुसऱ्या कोपऱ्यात तू. त्याच्या डोक्यावर त्याची बँक, जिने त्याला कार्ड दिलं, ती इश्युअर. तुझ्या डोक्यावर तुझ्यासाठी कार्डाचे पैसे गोळा करणारी बँक, ती अ‍ॅक्वायरर, तुझा गेटवे तिच्याच वतीने काम करतो. आणि या दोन बँकांच्या मधे नेटवर्क, व्हिसा, मास्टरकार्ड, आपलं रुपे, जे असेल ते. आता सांग, नेटवर्ककडे तुझं खातं आहे का?"

नाही.

"कार्डवाल्याचं तरी आहे का?"

ते पण नाही. नेटवर्क कोणाला कार्ड देत नाही, उधारी देत नाही, दुकानदाराला पैसे देत नाही. ते एका बँकेचा निरोप दुसरीकडे नेतं, रात्री कोणी कोणाला किती द्यायचे त्याचा हिशोब लावतं, आणि भांडण झालं तर कोणत्या नियमाने सुटेल ते ठरवतं. माझा मेल त्यांच्याकडे जाऊन उपयोगच नव्हता, आणि गावच्या बँकेत नुसतं माझं खातं आहे, या चौकोनात ती बिचारी कुठेच नाही.

मग मी विचारलं की बाबा रे, पेमेंट पास तर झालं होतं, कोणीतरी हो म्हटलंच ना. तर हो म्हणते इश्युअर. माझ्या लिंकवरून निरोप निघतो, अ‍ॅक्वायररकडून नेटवर्ककडे, नेटवर्क कार्ड नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ओळखतं की हे कोणत्या बँकेचं कार्ड, तिला विचारतं, आणि ती दोन-तीन सेकंदात सांगते हो किंवा नाही. पण त्या "हो"चा अर्थ एवढाच की कार्ड चालू आहे, या क्षणी ब्लॉक नाही, एवढी लिमिट शिल्लक आहे. टाइप करणारा माणूस कार्डाचा मालक आहे असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. कार्ड खऱ्या मालकाच्या पाकिटात असतं, नंबर मात्र चोराकडे, आणि मालकाला स्टेटमेंट बघेपर्यंत पत्ता नसतो. फ्रॉडची तक्रार पुढे पाठवायला व्हिसाच्या नियमात इश्युअरला १२० दिवस आहेत. मी पैसे आले म्हणून चौथ्या दिवशी निर्धास्त झालो होतो.

तुम्ही म्हणाल ओटीपी कसा काय लागला नाही. मी पण हेच म्हटलं. ओटीपी मागवणारी आणि तपासणारी इश्युअर असते, आणि ऑनलाइन पेमेंटला ही जादा तपासणी हवीच हा रिझर्व्ह बँकेचा नियम (२००९ पासून आहे) भारतात दिलेल्या कार्डांना लागतो. परदेशी बँकेचं कार्ड नुसत्या नंबर, एक्सपायरी आणि मागच्या तीन आकड्यांवर पास होऊ शकतं, आणि माझ्या गेटवेला इंटरनॅशनल कार्ड चालू करून ठेवलेलं होतं. भाच्याने त्या पेमेंटच्या डिटेलमध्ये जाऊन मला एक ओळ दाखवली, ECI 07. दोन्ही कार्डं व्हिसाची होती, आणि व्हिसात 07 म्हणजे मालकाची ओळख तपासलेलीच नाही. 05 असतं तर इश्युअरने स्वतः ओळख पटवली असा अर्थ झाला असता, आणि मग "हे मी केलंच नाही" अशी तक्रार आली तरी तो खड्डा साधारणपणे इश्युअरच्या अंगावर पडतो. 07 ला तो अ‍ॅक्वायररकडे येतो, आणि अ‍ॅक्वायररने माझ्याकडून ॲग्रीमेंटवर सही घेतलेली आहे की असा खड्डा तो माझ्याकडून भरून घेईल. म्हणजे मीच. त्याच पानावर कार्ड देणाऱ्या बँकेचा देश पण लिहिलेला होता, दोन्ही कार्डं अमेरिकेतली, दोन वेगळ्या बँकांची. माणूस मँचेस्टरचा! हे नोव्हेंबरपासून माझ्या मोबाइलमध्ये पडलेलं होतं.

पुरावे द्यायचे म्हणून मी व्हॉट्सॲपचे चाळीस स्क्रीनशॉट काढले होते. भाचा हसला नाही, पण त्याने विचारलं, "हे बोलणं कोणाशी झालंय?" चोराशी. अमेरिकेतल्या मालकाने मला कधी "हाय" पण केलेलं नाही. त्याची बँक मला ओळखत नाही, तिचं गिऱ्हाईक तो, आणि मी पाठवलेल्या प्रत्येक स्क्रीनशॉटने एवढंच सिद्ध होत होतं की मी कोणा तिसऱ्याच माणसाशी बोललो. गेस्ट आला असता, रजिस्टरवर सही असती, पासपोर्टची कॉपी असती आणि त्यावर कार्डावरचंच नाव असतं तर लढायला काहीतरी होतं. दोन्ही केस सोडून दिल्या.

आता ५५ हजाराचं. सगळा खेळ खरं तर त्याच्यासाठीच होता, चोराला ना खोल्या हव्या होत्या ना समुद्र. कार्डाने आलेले पैसे ज्या वाटेने येतात त्याच वाटेने उलटे जाऊ शकतात, इश्युअर नेटवर्कमार्फत अ‍ॅक्वायररकडून ओढते, अ‍ॅक्वायरर माझ्याकडून. आयएमपीएसला अशी चार चौकोनांची परतीची वाटच नाही, मी स्वतःच्या हाताने ढकललेले पैसे, गेले ते गेले. त्याने चोरीच्या कार्डाचे परत जाणारे पैसे मला दिले आणि माझ्याकडून परत न जाणारे घेतले. सायबर फ्रॉडच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण तोवर दोन महिने झाले होते, ते खातं कधीच रिकामं झालेलं. हा फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो.

हिशोब असा: दीड लाख परत गेले, माझ्या हातात आले होते १,४४,६९०, म्हणजे चार्जचे ५,३१० माझे गेले (तो चार्ज परत मिळत नाही, माझ्या ॲग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात आहे, आणि त्यातला मोठा वाटा साधारणपणे त्याच इश्युअरला जातो, म्हणजे बघा), दोन तक्रारींची फी जीएसटी धरून १,१८०, आणि वर ५५ हजार. ६१,४९०. नाताळात रिकाम्या राहिलेल्या खोल्या यात धरलेल्याच नाहीत.

एक गोष्ट भाच्याने सांगितली ती मला तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं. संशय आला की गेटवेमधूनच त्याच कार्डावर रिफंड मारायचा, तक्रार यायच्या आधी. पैसे मालकाकडे परत गेलेले असतात त्यामुळे नंतर तक्रार आली तरी दाखवायला रिफंडची नोंद असते, तुमचा फक्त चार्ज बुडतो. आणि समोरचा म्हणाला की कॅन्सल करतो पण रिफंड दुसऱ्या खात्यात पाठवा, तर तो पण हाच धंदा, नुसतं गाडीवाल्याचं नाव बदललं.

आता गेटवेला सांगून ओळख तपासल्याशिवाय परदेशी कार्ड घ्यायचंच नाही असं करून घेतलंय. परवा दुबईहून एकाचं बुकिंग आलं, मूळ चिपळूणचा, भाडं कमी करा म्हणून अर्धा तास डोकं खाल्लं त्याने. पैसे भरल्यावर मी आधी ती ओळ उघडली. व्हिसा, यूएई, 05. मग त्याला सोलकढी आवडते का ते विचारलं.