सासूला ‘यार’ म्हणणारं अॅप: आठ महिन्यांचा अनुभव

आमची सून ब्रिस्टलची. मी गेली वीस वर्षं औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या पत्रकांचं भाषांतर करते, त्यामुळे तिच्याशी बोलताना इंग्रजी आडवं येणार नाही अशा भ्रमात होते. समोरासमोर ते आलंही नाही. मेसेजमध्ये आलं. मग मुलाने फोनवर एआयचं एक भाषांतर-अॅप घालून दिलं, ज्यात टोन ‘औपचारिक’ की ‘अनौपचारिक’ ते निवडता येतं. नाव लिहीत नाही, जाहिरात करायची नाहीये.

पहिल्याच आठवड्यात तिचा मेसेज आला: lol sorry forgot to call yesterday, was knackered x

औपचारिक टोनवर उत्तर आलं, ‘मोठ्याने हसत आहे. क्षमस्व, मी काल फोन करण्यास विसरलो.’ अनौपचारिक केल्यावर आलं, ‘हाहा सॉरी यार, काल तुला कॉल करायचं विसरलो, पार वाट लागली होती.’ सासूला यार! तेही कोथरूडात. शिवाय सून ‘विसरलो’ म्हणतेय. हा दोष एकट्या अॅपचा नाही म्हणा. इंग्रजी क्रियापदात बाई की पुरुष ते कळत नाही, मराठीला मात्र ते ठरवावंच लागतं आणि न सांगितल्यास अॅप पुरुष धरतं.

खरी गोम पुढे आहे. अॅपला वाटतं अनौपचारिक म्हणजे ‘तू’, औपचारिक म्हणजे ‘तुम्ही’. आपल्याकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अहो आई, चहा टाकू का?’ यात काडीचा औपचारिकपणा नाही, तरी आदरार्थी आहे. हा ‘घरगुती तुम्ही’ अॅपच्या दोन बटणांत कुठेच बसत नाही.

आता त्या lol बद्दल. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात तो 2011 मध्ये आला, अर्थ मोठ्याने हसणे. पण सून हसत नव्हती, ती ओशाळली होती. जॉन मॅकव्हॉर्टर या भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की चॅटमधला lol आता विनोदाची खूण राहिलेला नाही, बोलणाऱ्यांमधली जवळीक दाखवणारा तो एक निपात, म्हणजे वाक्याला नुसती छटा देणारा छोटा शब्द, झालाय. निपात म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवा लागला, कारण मराठीत त्यांचा सुकाळ आहे: ना, की, गं, हं, च. म्हणजे तिच्या वाक्याचं मराठी असं व्हायला हवं: ‘अहो सॉरी, काल फोन करायचा राहूनच गेला, इतकी दमले होते ना.’ lol कुठेही दिसत नाही, पण ‘च’ आणि ‘ना’ मिळून त्याचं काम करतात. ‘हाहा’ घातलं असतं, तर फोन विसरून वर हसतेय असं वाटलं असतं.

अॅपमध्ये संदर्भ लिहायची एक चौकट आहे, ती मला तिसऱ्या महिन्यात सापडली. तिथे लिहिलं: ‘लिहिणारी सून, वाचणारी सासू, घरगुती भाषा पण तुम्ही, यार नको, lol चा शब्दशः अर्थ नको.’ तेव्हापासून तिचे मेसेज बरेचसे माणसाळले. मात्र ती एक वाक्य तीन मेसेजमध्ये तोडते, wait, मग no, मग lol. एकेक दिला तर ‘थांबा’, ‘नाही’, ‘हाहा’. तिन्ही एकत्र चिकटवले की ‘अहो थांबा, तसं नाही हो’ असं नीट येतं.

उलट दिशेला, म्हणजे माझं मराठी इंग्रजीत नेताना, अॅप जास्त घसरतं. एकदा गप्पा संपवताना मी chal yete लिहिलं. अॅपने ‘ओके, येतेय’ अशा अर्थाचं इंग्रजी पाठवलं. ती बिचारी व्हिडिओ कॉलची वाट बघत पाऊण तास बसली. निघताना ‘येते’ म्हणणाऱ्या भाषेचं हे असंच होणार. भाचरं तर स्वरच गाळतात: ky krtys. यात ‘करतोयस’ की ‘करतेयस’, कुणाच्या बापाला कळणार?

एक सावधगिरी. आलेलं मराठी उलटं इंग्रजीत करून तपासायची माझी जुनी सवय इथे कुचकामी ठरली. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्हीचं you होऊन परत येतं आणि सगळं ठीक वाटतं. मी आता मोठ्याने वाचून बघते. सुनेच्या तोंडी शोभलं नाही, तर चूक.

वर्गणी चालू ठेवणार आहे, पण तिचे मेसेज वाचण्यापुरती. माझे मीच लिहिते, मोडके का होईनात. आणि शेवटचा x तसाच ठेव, हेही त्या चौकटीत लिहून ठेवलंय. ब्रिटिश मेसेजमध्ये तो पापा असतो. त्याचं मराठी करायला गेलं तर आमच्या ह्यांना फोन दाखवायची पंचाईत.