व्हेंडर रिव्ह्यू कॉलचा सारांश: ट्रान्स्क्रिप्टच्या क्रमाने की कराराच्या तक्त्यावरून?

तिमाही रिव्ह्यूचं तासाभराचं रेकॉर्डिंग हाती आलं की सारांशाचे दोन रस्ते दिसतात. एक, ट्रान्स्क्रिप्ट वरून खाली वाचत मुद्दे उतरवायचे. दुसरा, करारातल्या एसएलएच्या, म्हणजे सेवेच्या दर्जाच्या अटींच्या, ओळी आधी रिकाम्या तक्त्यात मांडायच्या आणि मग एकेका ओळीसाठी रेकॉर्डिंग धुंडाळायचं.

पहिला रस्ता झटपट होतो. कॉलला हजर नसलेल्यांना त्यातून चर्चेचा सूरही कळतो. तिमाही सुरळीत गेली असेल तर तो बहुधा पुरतोच.

त्याची एक खोड मात्र मला खपत नाही. एकच आकडा कॉलमध्ये दोन-तीनदा बदलतो आणि क्रमाने लिहिलेल्या सारांशात पहिलाच ठाण मांडून बसतो. समजा, अपटाइमची अट दरमहा ९९.५ टक्के आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं, म्हणजे बंद राहायची मुभा २१६ मिनिटांची. बाराव्या मिनिटाला व्हेंडर कबूल करतो की सेवा ३१० मिनिटं बंद होती. अपटाइम ९९.२८, अट मोडली, म्हणजे दंड लागू. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांचाच दुसरा माणूस सांगतो की त्यातली १२० मिनिटं नियोजित देखभालीची होती, करारानुसार ती वगळायची. उरली १९०. अपटाइम ९९.५६, अट पाळली! मग आपल्या बाजूने कोणीतरी म्हणतं, "देखभालीची सूचना ७२ तास आधी हवी होती, ती आदल्या दिवशी आली." समोरून उत्तर, "हं, बरोबर, बघतो."

दंड आता त्या "बरोबर"वर लटकला आहे. क्रमाच्या सारांशात ही तीन वाक्यं तीन ठिकाणी विखुरतात आणि बाराव्या मिनिटाचा "दंड लागू" तसाच पुढे जातो. तक्त्यात ती एका ओळीत येतात: दावा, प्रतिदावा, सूचनेचं कलम, शेवटचं वाक्य आणि त्याचं मिनिट. "मान्य" मी तेव्हाच लिहितो, जेव्हा अधिकार असलेल्या माणसाने दंड किती आणि तो कुठल्या बिलातून वळता होणार, हे दोन्ही तोंडाने सांगितलेलं असतं. इथे तसं काही नाही. म्हणून "अट मोडल्याचा आपला दावा, दंड प्रलंबित", आणि सूचनेच्या ईमेलची तारीख-वेळ शेजारी.

सुधारणांनाही हाच न्याय. "अलर्ट नीट लावू" याला माणूस आणि तारीख मिळाली नाही तर ते रकाने रिकामेच ठेवून व्हेंडरला पाठवलेले बरे. आपण अंदाजाने तारीख भरली की पुढच्या कॉलला ती नाकारली जाते.

तक्त्याची उणीवही आहे. कराराच्या कुठल्याच ओळीत न बसणारी आश्वासनं, उदाहरणार्थ इंजिनिअर बदलून देण्याचं, त्यातून सहज निसटतात. त्यासाठी तळाला एक मोकळी ओळ ठेवावी आणि शेवटची दहा मिनिटं सलग ऐकावीत, कारण अशी आश्वासनं बहुतेकदा निरोप घेता घेता दिली जातात.